दिवसाला बारा घरं: हा आकडा येतो कुठून?

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

घरोघरी चाललेलं एक सर्वेक्षण रखडल्याची बातमी आपल्या दैनिकात वाचली. दिवसाला बारा घरांचं उद्दिष्ट असताना प्रगणक जेमतेम चार-पाच घरं करतात, असं त्यात होतं आणि मथळ्यात 'कामचुकारपणा' असा शब्द होता. अशा सर्वेक्षणांत आधी प्रगणक आणि मग पर्यवेक्षक म्हणून मी बरीच वर्षं काढली आहेत. चार-पाचचा आकडा वाचून मला काहीच वाटलं नाही. बाराचा आकडा कोणी काढला, हे मात्र विचारावंसं वाटलं.

कसा काढला असेल ते मला ठाऊक आहे. प्रश्नावली भरायला सरासरी ३५ मिनिटं लागतात, दिवस आठ तासांचा. ४८० ला ३५ ने भागलं की तेरा-चौदा येतात. त्यातून एखाद-दोन घरांची सवलत दिली की झाले बारा. हिशेब बसल्या जागी होतो आणि एकूण घरांना बाराने भागून किती माणसं, किती दिवस लागतील हेही लगेच निघतं. पुढचं अंदाजपत्रक, वेळापत्रक, सगळं त्याच्यावर उभं राहतं.

आता हाच दिवस दाराशी उभं राहून मोजू. वस्तीपर्यंत जायला ४५ मिनिटं आणि यायला तेवढीच धरली तर ९० मिनिटं प्रवासात गेली. सकाळी घरयादी वाटून घेणं, टॅब चार्ज आहे का, काल परत आलेल्या फॉर्ममध्ये काय दुरुस्त करायचं हे पाहणं, यात पंधरा मिनिटं. जेवण आणि जरा टेकणं मिळून चाळीस. संध्याकाळी भरलेले फॉर्म एकदा नजरेखालून घालणं, भेटींची नोंद पूर्ण करणं, डेटा सिंक करणं आणि पर्यवेक्षकाला दिवसाचा अहवाल देणं, याला पन्नास मिनिटांपेक्षा कमी धरू नये. नेट रडतखडत चालत असेल तर जास्तच. हे सगळं वजा केलं की हातात २८५ मिनिटं, म्हणजे पावणेपाच तास उरतात. हे अहवालाचं काम 'घरी गेल्यावर करा' असं सांगणारे साहेब मी पाहिले आहेत. त्याने वेळ वाचत नाही, फक्त ती कागदावरून गायब होते आणि चूक सापडते तेव्हा ते कुटुंब चार गावं मागे राहिलेलं असतं.

पण खरी गोम या पावणेपाच तासांच्या आत आहे. उद्दिष्ट 'घरं' या शब्दात दिलेलं असतं आणि प्रगणकाचा वेळ जातो 'भेटीं'त. एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत जाणं, यादीतलं घर नेमकं हेच ना याची खात्री करणं, यात सहा मिनिटं धरू. दार उघडलं, योग्य माणूस समोर आला, तर ओळख करून देणं आणि संमती घेणं यांत पाच मिनिटं आणि मग प्रश्नावलीची ३५. म्हणजे पूर्ण झालेली भेट ४६ मिनिटांची. कुलूप असेल, किंवा 'मोठं माणूस कोणी नाही, नंतर या' असं उत्तर आलं, तरी शेजारी विचारून ती माणसं कधी भेटतील ते टिपायला चारेक मिनिटं जातातच. म्हणजे रिकामी भेटही दहा मिनिटांची. दहा भेटींतल्या पाच यशस्वी झाल्या, चार ठिकाणी माणूस भेटला नाही आणि एकाने नकार दिला असं धरू. पाच गुणिले ४६ म्हणजे २३० आणि पाच गुणिले दहा म्हणजे ५०, एकूण २८० मिनिटं. दिवस संपला. दहा भेटी, पाच मुलाखती. बातमीतला प्रगणक नेमका इथेच उभा आहे.

बरं, पाच हाही पहिल्या दिवसाचा आकडा आहे आणि पहिला दिवस नेहमी सगळ्यात चांगला जातो, कारण सहज भेटणारी माणसं त्याच दिवशी भेटतात. एका प्रगणकाकडे एका वस्तीतली बारा घरं आहेत असं समजा. पहिल्या दिवशी वरच्याप्रमाणे दहा घरं फिरून पाच झाली, एक नकार, चार फेरभेटीला. दुसऱ्या दिवशी ही चार आणि न पाहिलेली दोन अशी सहा दारं. त्यांतली तीन झाली. उरलेल्या तिघांसाठी संध्याकाळपर्यंत थांबून पुन्हा फेरी मारली, तेव्हा आणखी एक झालं. दोन्ही फेऱ्यांचं प्रत्यक्ष काम २३४ मिनिटांचं. बाकीचा वेळ माणसं कामावरून परतायची वाट पाहण्यात गेला. तिसऱ्या दिवशी उरलेल्या दोन घरांसाठी तोच ९० मिनिटांचा प्रवास, आणि त्यांतलं एकच हाती लागलं. बारा घरांचा निकाल: दहा मुलाखती, एक नकार, एक घर तिन्ही प्रयत्नांनंतरही बंद. तीन दिवसांत दहा. रोजची सरासरी साडेतीनही येत नाही.

यावर 'मग फेरभेटी कशाला? शेजारचं घर घ्या' असं कोणीही पटकन म्हणेल. पण दुपारी घरी कोण सापडतं? वयस्क माणसं, घर सांभाळणाऱ्या बाया, काम नसलेले तरुण. एकटं राहणारं, नोकरी करणारं माणूस नेमकं कुलपामागे असतं. त्याच्याऐवजी शेजारचं उघडं दार घेतलं की रोजगार, उत्पन्न, प्रवास, कशाचीही सरासरी एका बाजूला झुकते, आणि फॉर्मची संख्या वाढवून तो झुकाव जात नाही. म्हणूनच अनेक देशांत झालेल्या 'डेमोग्राफिक अँड हेल्थ सर्व्हे' या लोकसंख्या आणि आरोग्याच्या सर्वेक्षणात प्रगणकाने निदान तीन वेळा जायचं आणि तिन्ही भेटी एकाच दिवशी उरकायच्या नाहीत, असा दंडक राहिला आहे.

आणि बाराचा आकडा डोक्यावर ठेवलाच, तर बारा येतातही. कसे येतात ते पर्यवेक्षकाला डेटात दिसतं. सकाळच्या मुलाखती ३६-३८ मिनिटांच्या, चारनंतरच्या वीसच्या आत. एक फॉर्म संपल्याची आणि पुढचा सुरू झाल्याची वेळ यांत दोन मिनिटांचं अंतर, जेव्हा ती दोन घरं वस्तीच्या दोन टोकांना आहेत. कुटुंबं छोटी व्हायला लागतात, कारण प्रत्येक माणसागणिक प्रश्न वाढतात. 'गेल्या वर्षात कोणी आजारी पडलं का?' याला 'हो' म्हटलं की पुढे दहा प्रश्न उघडतात, हे हुशार प्रगणकाला तिसऱ्या दिवशी कळतं आणि मग सगळी वस्ती ठणठणीत निघते. वर सांगितलेल्या सर्व्हेच्याच आकडेवारीत ही गोष्ट अभ्यासकांना दिसलेली आहे. १५ ते ४९ वयाच्या बायकांची लांब मुलाखत घ्यायची असते, तर १४ आणि ५० वयाच्या बायका अचानक जास्त भरतात. सगळ्यात बोलकी खूण मात्र वेगळी. एखाद्याच्या यादीत एकही कुलूप नाही, सगळ्या मुलाखती पहिल्याच भेटीत पूर्ण. असा कागद पाहून वरचे लोक शाबासकी देतात. मी दुसऱ्या दिवशी त्यातली दोन घरं स्वतः जाऊन पाहते.

नियोजन करता येत नाही असं नाही, फक्त सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करावी लागते. पूर्वचाचणीत मुलाखतीच्या वेळेबरोबर भेटीच्या वेळाही नोंदवायच्या: चालायला किती, दार बंद मिळालं तर किती, दहातली किती दारं पहिल्यांदा उघडली. मुलाखतीचीही नुसती सरासरी घेऊ नये. दोन माणसांचं घर वीस मिनिटांत होतं आणि नऊ माणसांचं सव्वा तास घेतं. अशी मोठी घरं एका वस्तीत एकत्र आली की त्या दिवसाचा हिशेब कोसळतो. प्रगणक नवे असतील तर पहिले काही दिवस याहूनही सैल धरावेत.

मग फेरभेटींना वेळापत्रकात त्यांची स्वतःची जागा द्यायची. माझ्या गटात आम्ही दुसरा दिवस दुपारी बाराला सुरू करून रात्री आठला संपवायचो, प्रगणक जोडीने. तासांची संख्या तीच, पण माणसं घरी असण्याची वेळ आपल्या दिवसात येते. तिसऱ्या दिवसाचं दोन-तीन घरांचं शेपूट स्वतंत्र ठेवायचं नाही, जवळच्या पुढच्या वस्तीच्या पहिल्या दिवसाला जोडायचं. वरच्या उदाहरणात त्या दोन घरांना ५६ मिनिटंच लागली होती. नवी वस्ती हाकेच्या अंतरावर असेल तर उरलेल्या वेळात तिथल्या तीन-चार मुलाखती होतात, आणि सरासरी चार-साडेचारपर्यंत जाते. त्यासाठी वस्त्यांचा क्रम नकाशा पुढ्यात घेऊन लावावा लागतो. यादीतल्या अनुक्रमांकाने वस्त्या वाटल्या की हा फायदा मिळत नाही, कारण क्रमांक २७ आणि २८ या वस्त्या जिल्ह्याच्या दोन कोपऱ्यांत असू शकतात. वस्त्या विरळ असतील, जायलाच दोन तास लागत असतील, तर मुक्काम करणं हाच उपाय. तिथे रोज ये-जा करून दिवसाला जेमतेम दोन मुलाखती होतात.

मोबदल्याचंही पाहावं लागेल. पूर्ण फॉर्ममागे पैसे दिले की संध्याकाळची फेरभेट प्रगणकाच्या खिशातून होते, आणि बंद दाराची प्रामाणिक नोंद करणारा तोट्यात जातो. दिवसाप्रमाणे द्यावेत, किंवा नेमून दिलेल्या घरामागे द्यावेत. मग ते पूर्ण झालेलं असो, नकार असो वा तीन नोंदवलेल्या भेटींनंतर बंद राहिलेलं.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती. पुढच्या वेळी सर्वेक्षणाच्या प्रगतीची बातमी करताना 'किती फॉर्म झाले' याबरोबर दोन आकडे मागावेत: एकूण भेटी किती झाल्या, आणि किती घरं दुसऱ्या किंवा तिसऱ्या भेटीत पूर्ण झाली. दुसरा आकडा शून्याच्या आसपास असेल तर बातमी तिथे आहे, मग फॉर्म वेळेआधी पूर्ण झालेले का असेनात.

आपली,
एक क्षेत्रीय पर्यवेक्षक