‘परिणाम नगण्य’ हा अंदाज आहे की आश्वासन?

मा. संपादक,
स.न.

दगडखाणीच्या प्रस्तावावरची तुमची बातमी वाचली. पर्यावरण परिणाम अहवालाचा सारांश लोकांसाठी सोप्या भाषेत दिलात हे खरंच चांगलं केलं, कारण ती शेकडो पानं कोणी वाचत नाही. पण त्यात एक वाक्य आहे, ‘धुळीचा परिणाम नगण्य राहील’, आणि माझा आक्षेप फक्त त्या एका वाक्याला आहे. त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात. खाणीमुळे काय होईल हा अंदाज, आणि ते होऊ नये म्हणून कंपनी काय करणार हे आश्वासन. खाणीजवळ राहणाऱ्या माणसाला या दोन गोष्टी वेगवेगळ्याच कळायला हव्यात, कारण अंदाज चुकला तर गणित तपासायचं असतं आणि आश्वासन मोडलं तर कंपनीला जाब विचारायचा असतो.

हा घोटाळा होतो कसा ते एका उदाहरणाने सांगतो, आकडे समजण्यापुरते मीच धरलेत. समजा वस्तीजवळ हवेतली बारीक धूळ, म्हणजे पीएम 10, आज 70 मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे आणि मर्यादा 100 ची आहे. रिपोर्टचा तक्ता म्हणतो की डंपर कच्च्या रस्त्यावरून ये-जा करतील त्यामुळे सगळ्यात जवळच्या घरापाशी 12 ची भर पडेल, एकूण 82, म्हणजे मर्यादेच्या आत. झालं, बातमीत नगण्य. पण हा 12 आला कुठून? मागे परिशिष्टात, जिथे धूळ किती उडेल याचं गणित असतं, तिथे बहुतेक वेळा एक ओळ सापडते की रस्त्यावर पाणी मारल्याने धूळ 75 टक्के कमी होईल असं धरलंय. म्हणजे 12 ही उरलेली पाव धूळ झाली, पाणी मारलंच नाही तर ती 48 होते आणि 70 मध्ये 48 मिळवले की 118, मर्यादेच्या बाहेर. पाणी अर्धवट मारलं आणि धूळ निम्मीच कमी झाली तर 24 ची भर, एकूण 94, मर्यादेच्या अगदी काठावर. आणि इथे अजून एक बघायचं, आजची 70 ही सरासरी आहे की वाईटातल्या वाईट दिवसाचा आकडा, कारण वाईट दिवशी आधीच 85 असेल तर निम्म्या पाण्यावर आकडा 109 वर जातो. थोडक्यात तक्त्यातला 82 हा निव्वळ अंदाज नाहीच, त्याच्या पोटात एक आश्वासन आधीच वजा करून टाकलंय.

यात कोणी खोटं बोलतंय असं मी अजिबात म्हणत नाहीये. उपाय केल्यावर काय उरेल हा आकडा रिपोर्टमध्ये द्यावाच लागतो आणि 75 टक्के हाही हवेतला आकडा नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचं एपी-42 नावाचं संकलन असे रिपोर्ट बनवणारे बरेच जण वापरतात, त्यात कच्च्या रस्त्याबद्दल असं आहे की पृष्ठभागावरचा ओलावा कोरड्या स्थितीच्या दुप्पट ठेवला तर धूळ साधारण 75 टक्के कमी होते. पण अट वाचा ना, ओलावा दुप्पट ‘ठेवला तर’. सकाळी एकदा टँकर फिरवला आणि दुपारी कडक ऊन पडलं की रस्ता तास-दोन तासात परत वाळतो आणि डंपर तर चालूच असतात, मग दिवसभराची सरासरी 75 टक्के येणार कशी.

आता हे आश्वासन पाळलं जाऊ शकतं का हे तपासायला तज्ज्ञ लागत नाही, रिपोर्टमधलेच दोन वेगळे भाग शेजारी ठेवून वाचायचे. समजा रस्ता 2 किलोमीटर लांब आणि 8 मीटर रुंद आहे, म्हणजे 16,000 चौरस मीटर. दर चौरस मीटरला अर्धा लिटर पाणी धरलं तर एका फेरीला 8,000 लिटर लागतं, आणि दर दोन तासांनी मारायचं तर दहा तासात पाच फेऱ्या, म्हणजे रोज 40,000 लिटर. आता पाण्याच्या प्रकरणात जा आणि बघा की धूळ दाबायला किती पाणी दाखवलंय. तिथे 10,000 लिटर असेल तर हे सव्वा फेरीचं पाणी आहे, आणि हवेच्या प्रकरणातले 75 टक्के या पाण्यात बसतच नाहीत. दोन प्रकरणं वेगवेगळ्या माणसांनी लिहिली की असं होतं. आणि पाणी पूर्ण दाखवलं असेल तर ते येणार कुठून हेही विचारायचं, बोअरवेलमधून असेल तर एक परिणाम कमी करायला दुसरा परिणाम उभा राहतो, त्याचा अंदाज कुठे दिलाय?

सगळे उपाय मात्र एका मापाने मोजू नयेत. खाणीचा रस्ताच वस्तीपासून लांब आखलाय किंवा तो डांबरी करणार आहेत, तर ते एकदा झालं की झालं, जाऊन डोळ्यांनी बघता येतं. पाणी मारणं, ट्रकवर ताडपत्री टाकणं, वेग कमी ठेवणं ही रोज कोणीतरी करायची कामं, पहिली ढील इथेच पडते. आणि झाडांचा हरित पट्टा आज लावला तरी आडोसा व्हायला वर्षं लागतात, खाण मात्र पहिल्या दिवसापासून चालू, तरी त्याचा फायदा पहिल्या वर्षाच्या आकड्यात धरलाय का हे कोणी बघत नाही.

वाक्यांची भाषाही बघा. ‘दर दोन तासांनी पाणी मारलं जाईल, नोंदवही ठेवली जाईल’ हे पकडता येण्यासारखं आश्वासन आहे. ‘आवश्यकतेनुसार पाणी मारण्यात येईल’ यात कोणी, किती, कधी काहीच नाही, मोडलं हे सिद्धच करता येत नाही. व्यवस्थापन आराखड्यात त्यासाठी दरवर्षीचा खर्च आणि जबाबदार माणसाचं पद दिलंय का तेही बघायला हवं.

आता सारांश करणाऱ्यांसाठी, तुमच्यासाठीसुद्धा. उपायाशिवायचा 118 रिपोर्टचा अंदाज म्हणून छापू नका, रिपोर्टने तो म्हटलेला नसतो आणि तसं छापलं की कंपनी एका वाक्यात सगळं खोडून काढते. तो आपला हिशोब आहे, तसं स्पष्ट सांगून शेजारी गणित द्यायचं. लिहायचं असं: रिपोर्टच्या मते वस्तीजवळ 82 राहील, हे पाणी मारून 75 टक्के धूळ कमी होईल असं धरून आहे, त्यासाठी आमच्या हिशोबाने रोज 40,000 लिटर लागतं आणि रिपोर्टमध्ये 10,000 दाखवलंय. तीन ओळी पुरतात आणि त्यातली एकही कोणाला नाकारता येणार नाही. 75 टक्क्यांची ओळ रिपोर्टमध्ये सापडलीच नाही तर तेही लिहा, आणि जनसुनावणीत लेखी विचारायचा पहिला प्रश्न हाच, की हा 12 उपाय धरून आहे की न धरता, आणि धरून असेल तर किती टक्के.

पुढच्या अंकात तेवढं वाक्य दुरुस्त करून छापाल ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक