मेंदी बुकिंग आणि ॲडव्हान्सबद्दल

मैत्रिणींनो, तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखा भरू लागल्यात. ‘ताई, तारीख धरून ठेवा’ एवढ्यावर बुकिंग होत नाही. ॲडव्हान्स आल्यावरच वहीत नाव चढतं. नवरीची मेंदी ६,००० ची असेल तर २,००० आधी, बाकीचे मेंदी काढून झाल्यावर लगेच. नवरीचे हात तेव्हा ओले असतात, म्हणून पैसे देणारं कुणीतरी जवळ असू द्या.

तारीख बदलली तर १५ दिवस आधी कळवा. नव्या तारखेला मी मोकळी असले तर ॲडव्हान्स तिकडे वळता करते. त्यानंतर रद्द केलंत तर परत मिळणार नाही, कारण त्या दिवसाची दुसरी नवरी मी नाकारलेली असते.

पाहुण्यांचे हात आधी मोजून सांगा. मेंदी आदल्या दिवशी भिजते. मागे ८ जणी सांगितल्या, बसल्या १९. कोन संपले आणि मावशी रुसल्या.