गच्चीवरील सोलर पॅनेल: कबुतरे व माकडांच्या बंदोबस्ताबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापन समिती,
टिळकवाडी, बेळगाव

महोदय,

पॅनेल दर महिन्याला धुऊन घेण्याचा ठराव सभेपुढे येणार आहे. धुण्याला विरोध नाही, पण कबुतरं पॅनेलखाली राहतायत तोवर तो खर्च वाया जाईल. आधी जाळी, मग धुणं.

धूळ सगळीकडे सारखी बसते, तिच्यामुळे वीज थोडी घटते. विष्ठेचं तसं नाही. तिचा जाड थर एका सेलवर बसला की बाकीच्या सेलची वीज त्याच सेलमध्ये जिरते आणि तो तापतो. मग बायपास डायोड पॅनेलचा तेवढा भाग बाजूला काढतो, म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा गेला. फार दिवस असंच राहिलं तर मागच्या शीटवर तपकिरी डाग दिसतो. पावसाळ्यात वरचं धुऊन जातं, पण खालच्या फ्रेमच्या कडेला चिकटलेलं राहतंच. घरट्याच्या वाळक्या काड्या केबलला टेकतात, तो आगीचा धोका वेगळा.

काटेपट्ट्या बसवून उपयोग नाही, कबुतरं त्यांच्यातच घरटं करतात. जाळीच हवी: पीव्हीसी कोटिंगची वेल्डेड जीआय, पाऊण ते एक इंची भोकांची. ५४० वॅटची १० पॅनेल एका ओळीत असली की लांबी साधारण साडेअकरा मीटर होते. पुढची उंची ३० सेंटिमीटर आणि मागची ९० धरली तर चारी बाजूंना मिळून सोळा-सतरा चौरस मीटर लागते. कोपऱ्यांच्या ओव्हरलॅपसाठी १८ घ्यावी. फ्रेमला भोक पाडू देऊ नये, वॉरंटी जाते. क्लिपा मिळतात. पत्रा तर मुळीच नको, हवा कोंडून पॅनेल तापतात. मागच्या बाजूला साफसफाईसाठी एक उघडता भाग ठेवावा.

जाळी लावण्याआधी खाली अंडी-पिल्लं आहेत का ते बघावं. अंडी घातल्यापासून पिल्लू उडेपर्यंत सुमारे सात आठवडे जातात. तेवढं थांबावं, नाहीतर आत अडकून मरतील आणि वास सुटेल. वाळलेली विष्ठा झाडायची नाही. आधी पाणी मारून भिजवायची, मास्क लावून काढायची. वरची काच सकाळी, थंड असताना, ओलं फडकं दहा-पंधरा मिनिटं ठेवून मऊ ब्रशने पुसायची. तारेची घासणी आणि अ‍ॅसिड बंद.

माकडं जाळीने थांबत नाहीत. ती लोंबत्या केबल ओढतात, कनेक्टर अर्धवट सुटतो आणि तिथे ठिणगी पडते. म्हणून सगळ्या डीसी केबल उन्हात टिकणाऱ्या पाइपातून न्याव्यात आणि स्टीलच्या टायने रेल्सना बांधाव्यात. प्लॅस्टिकचे टाय उन्हात तडकतात. सुटलेल्या कनेक्टरला सदस्यांनी हात लावू नये, इन्व्हर्टर बंद असला तरी उन्हात पॅनेलमध्ये वीज असतेच. टाक्यांची झाकणंही घट्ट करावीत, कारण माकडं मुळात पाण्यासाठी येतात. आणि गच्चीवर दाणे टाकणं बंद झालं पाहिजे, मग कुणाला कितीही वाईट वाटो.

कोटेशन मागवताना दोन अटी लिहून घ्याव्यात: फ्रेमला ड्रिलिंग नाही, आणि जाळी स्ट्रक्चरच्या अर्थिंगला जोडायची.

आपला,
एक सदस्य