‘वय ३ ते १२’ असं छापलेल्या तुमच्या रंगसंचाबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : एकाच डब्यात सगळी वयं कोंबल्याबद्दल आणि त्यातल्या निकामी कागद-ब्रशबद्दल.

महोदय/महोदया,

मुलीच्या नवव्या वाढदिवसाला मी बेळगावच्या खडे बाजारातून तुमचा ६४ नगांचा रंगसंच ८५० रुपयांना घेतला. डब्यावर मोठ्या अक्षरांत ‘वय ३ ते १२’ आहे. दुकानदार म्हणाले, ‘‘वैनी, ह्यात सगळं आलं, दुसरं काही घ्यायला नको.’’ तक्रार त्या ‘सगळं आलं’चीच आहे.

तुमचे बोटाएवढे जाड मेणाचे खडू चांगले आहेत, हे आधी सांगते. दोन-तीन वर्षांचं पोर खडू मुठीत धरतं आणि अख्खा हात फिरवून रेघोट्या मारतं. त्याला जाडच खडू हवा, बारीक खडू लगेच मोडतो. आमचे खडू जावेच्या अडीच वर्षांच्या मुलाकडे गेले आणि अजून एकही मोडलेला नाही. पण नऊ वर्षांची मुलगी पेन्सिल तीन बोटांत धरते. तिला खिडकीची चौकट काढायची असते, तिथे त्या जाड टोकाचा काय उपयोग? म्हणजे डब्यातला निम्मा माल तिच्यासाठी नव्हताच. उरला तो जलरंगांचा भाग, आणि तोच फसला.

तिला धुक्यातला राजहंसगड काढायचा होता. कागद थोडा तिरका ठेवायचा, ब्रश भरून पातळ निळा वरून आडवा ओढायचा, खाली येताना पाणी वाढवत जायचं, हे तिला येतं. दुसऱ्याच फटकाऱ्याला कागद फुगून त्याच्या नळ्या झाल्या आणि रंग खळग्यांत साचला. तिसऱ्या हाताला पृष्ठभागाचे गोळे सुटू लागले. ‘‘आई, कागद सुटालाय बघ,’’ म्हणून ती रडकुंडीला आली. मला वाटलं, हिनेच जास्त घासलं असेल. रागावलेही. ते आता लागतं मनाला.

नंतर रात्री मी स्वतः बसून एकेक वस्तू बदलून पाहिली. तुमचाच रंग, तुमचाच ब्रश, पण कागद ३०० जीएसएम वजनाचा, जाड, जलरंगाचा : कागद जवळजवळ सपाट राहिला, गोळा एकही नाही. मग तुमच्या कागदावर तिचा जुना, चांगला ब्रश वापरला : पुन्हा नळ्या. म्हणजे मुख्य दोष कागदाचा. तुमच्या वहीवर जीएसएम लिहिलेलंच नाही, हाताला मात्र तो झेरॉक्सच्या कागदासारखा लागतो. असा कागद पाणी वरच्यावर धरत नाही, लगेच पिऊन टाकतो, मग ओला रंग पसरवायला वेळच उरत नाही.

ब्रशचंही पाहिलं. गोल ब्रश पाण्यात बुडवून एकदा झटकला की त्याचं टोक जुळायला हवं. तुमच्या आठ नंबरचे केस झाडूसारखे फाकलेलेच राहिले. त्याने आकाश कसंबसं होईल, बुरुजाची कड नाही.

रंगांबाबत मी अर्धीच तक्रार करते. न विरघळणाऱ्या काळ्या पेनने रेघ ओढून तिच्यावर प्रत्येक रंगाचा हात दिला आणि वाळू दिला. लाल-हिरव्यातून रेघ स्वच्छ दिसली. पिवळा थोडा झाकतो, पण पिवळ्यातले काही रंग झाकणारेच असतात, ते मी धरत नाही. निळा मात्र वाळल्यावर दुधाळ झाला आणि रेघ खडूची पूड फासल्यासारखी पुसट झाली. जलरंगात उजेड कागदाच्या पांढऱ्यातून येतो. निळाच तो झाकत असेल तर धुकं दाखवायचं कसं?

डब्यावरची माहिती फक्त इंग्रजीत आहे. इथे कन्नड आणि मराठी वाचणारे पालक खरेदी करतात, त्यांनी त्या ‘३ ते १२’ आकड्यावरच विसंबायचं ना?

माझं मागणं असं. संच परत घेऊन पूर्ण पैसे द्या. पुढच्या छपाईत जाड खडूंचा डबा लहानग्यांसाठी वेगळा काढा आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलांच्या डब्यात नग कमी ठेवा : बारा पारदर्शक रंग, टोक जुळणारा एक मध्यम आणि एक बारीक ब्रश, आणि जाड कागदाची दहाच पानं. जीएसएम डब्यावर छापा. सरावाला २०० चालेल, पण आकाशासारख्या भरपूर ओल्या कामाला ३००च लागतो.

बिलाची झेरॉक्स, फुगलेलं चित्र आणि माझ्या चाचण्यांचे कागद सोबत जोडले आहेत. प्रत्येकावर काय बदललं ते पेन्सिलीने लिहिलंय. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवणार आहे. आणि राजहंसगडाचं चित्र तेवढं परत पाठवा, तिने मागितलंय.

आपली,
एक ग्राहक
शहापूर, बेळगाव