पेटीसाठी दिलेला नंबर

प्रति,
संपादक महोदय,
स.न.वि.वि.

हापूसच्या हंगामात आम्ही पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांना घरपोच पेट्या पाठवतो. पोचवणाऱ्याने फोन करावा म्हणून वहीत नंबर लिहून घेतो. गेल्या गणपतीत मोदकाचं पीठ नि आमसुलं खपवायची म्हणून मुलाने त्या वहीतले दीडशे नंबर घेऊन व्हॉट्सॲप ग्रुप केला. तिसऱ्या दिवशी डोंबिवलीच्या एका ताईंचा फोन. "दापोलीत प्लॉट घ्या म्हणून सारखे फोन येतायत. तुमच्याशिवाय कोकणात माझा नंबर कुणाकडे नाही!" ग्रुपात प्रत्येकाला सगळ्यांचे नंबर दिसतात, हे आमच्या ध्यानातच आलं नव्हतं. ग्रुप बंद केला, पण गेलेले नंबर काय परत येतात?

मग वकील भाच्याला विचारलं. २०२३च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात एक उदाहरणच दिलंय म्हणाला. औषधाच्या दुकानात पैसे मिळाल्याची पोच मेसेजने पाठवा म्हणून गिऱ्हाइकाने नंबर दिला, तर दुकानदाराने तो त्या पोचेपुरता वापरावा. म्हणजे पेटीसाठी दिलेला नंबर पेटीपुरता. जाहिरातीसाठी वेगळं विचारायला हवं. वही कागदाची आहे तोवर हा कायदा लागत नाही, पण नंबर मोबाइलमध्ये चढवला की लागतो. नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले, बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होणार. आम्ही तेवढं थांबलो नाही.

प्रत्येकाला वेगळा मेसेज केला: 'तुमचा नंबर न विचारता ग्रुपमध्ये टाकला, चूक झाली. वर्षातून दोनदा नव्या मालाची खबर दिलेली चालेल का? चालत असेल तर "हो" कळवा.' एकेचाळीस जणांनी होकार दिला. बाकीचे गप्प. मुलगा म्हणाला, नाही कुठे म्हणालेत? पण गप्प बसणं म्हणजे संमती नव्हे, कायद्याला स्पष्ट होकार लागतो. एकशे नऊ नंबर जाहिरातीतून काढले, जिवावर आलं तरी.

आता पावतीवर दोन वेगळे रकाने आहेत, पेटीसाठी नि जाहिरातीसाठी. दुसऱ्यात खूण गिऱ्हाइकाने स्वतः करायची. ती केली नाही तरी पेटी जातेच. ग्रुपऐवजी ब्रॉडकास्ट लिस्ट केली. तिच्यात एकाचा नंबर दुसऱ्याला दिसत नाही. मात्र ज्याने आमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो, म्हणून होकार देणाऱ्याला तेवढं करायला सांगावं लागतं. कुणी 'नको' लिहिलं की त्याच दिवशी नाव लिस्टमधून काढायचं आणि वहीत तारीख टाकायची. नाहीतर पुढच्या हंगामात तोच नंबर पुन्हा चढतो. एकदा तसं झालंही.

परवा किनाऱ्यावरच्या एका खाणावळीत गल्ल्याशेजारी लकी ड्रॉची वही उघडी पडलेली पाहिली. नाव, नंबर, वाढदिवस. माझ्या पुढची मुलगी शाळेच्या गणवेशात होती. हे नंबर मोबाइलमध्ये चढवले तर अठरा वर्षांखालच्यांसाठी आईवडिलांची संमती लागणार आहे असं मालकांना सांगितलं, तर म्हणाले, "काकू, सगळेच ठेवतात."

आपली,
एक आंबा विक्रेती, देवगड तालुका
(नाव छापू नये ही विनंती)