सातमुखी रुद्राक्ष घेऊ नकोस, पाच रेषा खऱ्या आहेत आणि दोन कोरलेल्या

प्रिय संतोष,

तुझे फोटो काल रात्री मिळाले आणि मी ते बारा वाजेपर्यंत झूम करून बघत बसलो होतो, बायको म्हणाली पण काय चाललंय हे. अप्पांच्या गळ्यात घालायचं आहे म्हणून विचारतोयस तर सरळच सांगतो, ती एकशेआठ मण्यांची माळ घे, पण तो दोन हजाराचा सातमुखी मणी घेऊ नकोस. का ते नीट लिहितो, म्हणजे उद्या दुकानदार काही सांगायला लागला तर तू फोटो पुढं करून बोलू शकशील.

आधी माझं ऐक. तुला आठवत असेल, चार वर्षांमागं शिवरात्रीला आपण कपिलेश्वराला गेलेलो, बाहेर रस्त्यावर एकाकडून मी आईसाठी माळ घेतली होती. छान लालसर, सगळे मणी एकसारखे. तेव्हा मला वाटलं किती चांगला माल आहे, आणि तिथंच चुकलो मी. घरी आल्यावर एकदा माळ फरशीवर पडली, एक मणी फुटला आणि आत कप्पा नाही, बी नाही, नुसता भरीव तपकिरी प्लास्टिकसारखा गोळा. आई काही बोलली नाही, पण तिनं ती माळ काढून देवघरात ठेवली ती परत घातली नाही. मला अजून वाईट वाटतं त्याचं. त्यानंतर मी फुटलेला मणी आणि बाकीचे सगळे मणी मोबाईलला ती क्लिपवाली मॅक्रो लेन्स लावून एकेक बघितले, तेव्हा कुठं डोळे उघडले.

त्या माळेत काय होतं बघ. एका मण्यावर भोकाजवळ तांदळाच्या कणीएवढा खड्डा होता, आणि बाजूला दोन टेंगळं जुळी असल्यासारखी. तसाच खड्डा, तशीच जुळी टेंगळं, त्याच जागी, पुढच्या पाचव्या मण्यावर. मग अकराव्यावर. झाडावर असं होतच नाही, फळाच्या आतली ती आठळी असते आणि प्रत्येक आठळीचा खडबडीतपणा वेगळा, जसे दोन आंब्यांच्या कोयीवरचे धागे एकसारखे कधी नसतात. एकाच साच्यातून काढलं की खूण पण साच्याचीच येते. शिवाय मण्याच्या कंबरेला एक बारीक सरळ रेघ होती, साच्याचे दोन भाग जिथं भेटतात तिथली, घासून घालवायचा प्रयत्न केलेला पण तिरक्या उजेडात दिसायची. आणि टेंगळांच्या कडा साबण झिजल्यासारख्या गोल, खऱ्याच्या कडा बोटाला टोचतात.

आता तुझा सातमुखी. फोटो नंबर तीन बघ, तो वरून काढलेला, भोक मधोमध आलंय. खऱ्या रुद्राक्षात मुख म्हणजे वरची रेघ नुसती नाही गा, आत जेवढे कप्पे तेवढ्या रेषा, म्हणून रेघ देठाच्या टोकाला सुरू होऊन खाली दुसऱ्या टोकापर्यंत न तुटता जाते. आणि देठाच्या बाजूला मधून नैसर्गिक पोकळी असते, मणी ओवायला ती फक्त साफ करून थोडी मोठी करतात. म्हणून चांगल्या मण्यात भोकाभोवती रेषा येऊन मिळतात, चांदणी काढल्यासारख्या. तुझ्या मण्यात पाच रेषा तशा येतात, दोन येत नाहीत. भोकापासून साधारण दोन मिलिमीटर आधीच थांबतात, बोथट होऊन. तिथून खाली त्या अगदी सरळ जातात, सुरीनं ओढल्यासारख्या, आणि बाजूचं टेंगूळ वाटेत आलं तरी वळत नाहीत, सरळ त्याच्यातून कापत गेल्यात. खरी रेघ टेंगळांच्या मधून वळसे घेत जाते आणि दोन्ही काठांची टेंगळं तिच्याकडं झुकलेली दिसतात. चौथ्या फोटोत रेघेच्या तळाशी रंग पण बघ, पाच रेषांचा तळ काळपट आहे आणि या दोनचा फिकट, लाकूड ताजं कापल्यासारखा. वरनं रंगवलंय पण आत पोचलेला नाही.

म्हणजे मणी खोटा नाही, रुद्राक्षच दिसतोय, पाचमुखीचा सातमुखी केलाय. पाचमुखी सगळ्यात जास्त मिळतो आणि स्वस्त, सातमुखी कमी मिळतो, म्हणूनच कारागिरी होते. उलट पण करतात, जास्तीची रेघ भरून बुजवायची, पण ते तुझ्या मण्यात नाही.

माळेचं मात्र बरं आहे. मणी लहान मोठे आहेत, प्रत्येकाचा चेहरा वेगळा, भोकाच्या काठाला तुसासारखे लाकडी धागे निघालेत. साच्याच्या भोकाला धागे नसतात, काठ गुळगुळीत आणि आत नळीसारखी चकचक. पण रंग लावलाय एवढं खरं, खड्ड्यांमधे लाल रंग साठलाय आणि पांढरा दोरा भोकाजवळ गुलाबी झालाय. तेलानं पण दोऱ्याला डाग पडतो, पण तो पिवळट तपकिरी, असा गुलाबी नाही. हातात आली की ओला पांढरा कापूस घेऊन एका मण्यावर जरा जोरानं घास, रंग उतरला तर समजायचं. रंगवलेला मणी खराब नाही, फक्त अप्पांच्या पांढऱ्या बंडीला डाग पडतील आणि तो दुकानदार ते सांगणार नाही, एवढंच.

पाण्यात टाकून दाखवतो, बुडला तर खरा, असं दुकानदार म्हणाला असेल, त्यावर जाऊ नकोस. खरा पण वाळलेला हलका मणी तरंगतो आणि साच्यातला जड गोळा बुडतो, त्यातून काही कळत नाही. नाण्यांमधे फिरवून दाखवतात ते पण सोड. पक्कं बघायचं तर एक्स-रे, त्यात आतले कप्पे मोजता येतात, मणी फोडायची गरज नाही.

आणि फोटोची पण हद्द आहे. साचा, कोरीव रेघ, रंग एवढं मी फोटोवरून सांगू शकतो. पण नेपाळचा म्हणून सांगितलेला मणी खरंच नेपाळचा का, किंवा रुद्राक्षासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या झाडाची आठळी आहे का, हे नुसत्या फोटोवरून मी छातीठोक सांगणार नाही. तेवढ्यासाठी मणी हातात लागतो.

दुसरा सातमुखी दाखवला तर फोटो असे काढ. फ्लॅश बंद, सकाळी खिडकीजवळ, उजेड एका बाजूनं तिरका पडला पाहिजे, वरनं पडला तर सगळं सपाट दिसतं. एक वरच्या भोकाचा, एक खालच्या भोकाचा, आणि मणी थोडा थोडा फिरवत चार बाजूंचे, शेजारी पट्टी ठेव. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून टाकू नकोस, डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर तो दाबून लहान करतो आणि रेषेचा तळ फुटून जातो, कालचा पहिला फोटो तसाच आला होता, मला पाचवी रेघ मोजताच येईना.

शनिवारी निपाणीला येतोय मी, चुलत्यांकडं. त्याआधी पैसे देऊ नकोस मर्दा, ॲडव्हान्स पण नको. लेन्स घेऊन येतो, दोघं मिळून दुकानातच बघू. आणि अप्पांना माझा नमस्कार सांग, गुडघा कसा आहे ते पण कळव.

तुझा,
विजू