रात्रीचा आवाज आणि शेजाऱ्याला लिहिलेली चिठ्ठी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोल्हापुरात आवाजाचा विषय निघाला की बोलणे गणपतीतल्या डॉल्बीवर येते. आपल्या दैनिकातही त्यावर वाचकांची पत्रे येतात आणि ती यायलाच हवीत. मात्र डॉल्बीचा त्रास वर्षातून काही दिवसांचा असतो, तर भिंतीपलीकडचा आवाज रोजच्या रात्रीचा असतो आणि त्याची तक्रार कोणाकडे व कोणत्या शब्दांत करावी हे बहुतेकांना सुचत नाही. शेजाऱ्याशी वर्षानुवर्षांचे संबंध असतात, हळदी-कुंकवाला येणे-जाणे असते, त्यामुळे माणूस महिनोन्‌महिने सहन करतो आणि एखाद्या रात्री दारात जाऊन नको ते बोलून बसतो. माझेही तसेच होणार होते. ते एका चिठ्ठीमुळे टळले, म्हणून हे पत्र.

आम्ही शिवाजी पेठेत राहतो. आमच्या गल्लीत घरे एकमेकांना लागून आहेत आणि आमची व शेजाऱ्यांची एक भिंत सामायिक आहे. शेजारचे गृहस्थ गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या पाळीला जातात, मध्यरात्रीच्या सुमारास घरी येतात आणि जेवता जेवता सिनेमा लावतात. पूर्वी त्याचा कधी त्रास झाला नव्हता. दिवाळीत त्यांनी वूफरसह होम थिएटर घेतले आणि तेव्हापासून भिंतीच्या अलीकडे झोपणाऱ्या माझ्या आईची, तिचे वय ७९ आहे, झोप मोडू लागली. एका रात्री मी तिच्या खोलीत जाऊन बसलो. सिनेमातले संवाद ऐकू येत नव्हते, गाण्याचे शब्दही नाहीत. केवळ एक धुमधुम भिंतीतून येत होती आणि उशाच्या तांब्यावर पालथे घातलेले फुलपात्र तिच्यासरशी किणकिणत होते.

या किणकिणण्यातच खरी अडचण आहे. माणसाचा आवाज किंवा शिट्टीसारखे उंच आवाज भिंत बऱ्यापैकी अडवते, पण वूफरचा खालच्या पट्टीतला आवाज ती तितका अडवू शकत नाही. त्यात वूफर जमिनीवर आणि भिंतीला टेकून ठेवलेला असेल, तर त्याची थरथर थेट बांधकामात उतरते आणि पलीकडच्या खोलीत पुन्हा आवाज होऊन बाहेर पडते. म्हणूनच सिनेमा लावणाऱ्याला आपला आवाज मोठा वाटत नाही आणि ‘आम्ही तर बारीकच लावतो’ हे त्याचे म्हणणे प्रामाणिक असते. मी मोबाइलवर आवाज मोजला, तेव्हा आकडा चाळिशीच्या आसपासच दिसला. नंतर समजले की नेहमीची मोजणी माणसाच्या कानाला अनुसरून खालच्या पट्टीतले आवाज बरेच कमी धरते. त्यामुळे आकडा पुढे करून भांडण्यात अर्थ नव्हता.

चिठ्ठी मी तीनदा लिहिली. पहिल्या मसुद्यात राग होता, तो फाडला. दुसऱ्यात इतकी नम्रता झाली होती की ‘शक्य झाल्यास’, ‘राग मानू नये’, ‘थोडासा’ असे शब्द प्रत्येक वाक्यात आले आणि नेमके काय हवे आहे तेच त्यात कुठे नव्हते. अशी चिठ्ठी वाचणारा ‘बरं’ म्हणतो आणि काहीच बदलत नाही. मग मी नऊ रात्री वेळा टिपून ठेवल्या आणि तिसरी चिठ्ठी लिहिली, ती अशी :

‘सप्रेम नमस्कार. गेल्या नऊ रात्रींपैकी सहा रात्री, साधारण सव्वाबारा ते दीडच्या दरम्यान, तुमच्या वूफरचा आवाज सामायिक भिंतीतून आईच्या खोलीत येतो आणि तिची झोप मोडते. दुसऱ्या पाळीवरून आल्यावर तुम्हाला विरंगुळा हवा असतो हे मी जाणतो, आणि तुम्ही टीव्ही पाहू नये असे माझे मुळीच म्हणणे नाही. रात्री दहानंतर वूफर बंद ठेवावा आणि तो या भिंतीपासून हलवून समोरच्या बाजूला ठेवावा, अशी विनंती आहे. येत्या रविवारी सकाळी आमच्याकडे चहाला या, तुमच्या घरी वूफर लावून ठेवा आणि आईच्या खोलीत बसून एकदा स्वतः ऐका. आमच्याकडून तुम्हाला काही त्रास होत असेल तर तोही सांगा.’

यात कायद्याचा उल्लेख मी मुद्दाम केला नाही. तो मला ठाऊक होता. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्र म्हणजे १० ते सकाळी ६, निवासी भागाची रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि खासगी जागेतल्या ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक वाढता कामा नये. रात्री ११२ क्रमांकावर पोलिसांना कळवता येते हेही माहीत होते. तथापि पहिल्याच चिठ्ठीत कलम आले की ती नोटीस होते आणि समोरचा माणूस उत्तराऐवजी बचावाची तयारी करतो. दोन आठवड्यांत फरक पडला नसता, तर दुसऱ्या चिठ्ठीत मी हे स्पष्ट लिहिले असते. त्यासाठी पहिलीवर तारीख घातली होती आणि तिचा फोटो काढून ठेवला होता.

चिठ्ठी मी गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली नाही, दाराला चिकटवलीही नाही. चारचौघांत झालेली तक्रार माणूस विसरत नाही. ते कामावर निघण्यापूर्वी, दुपारी, मी ती त्यांच्या हातात दिली.

रविवारी ते आले. त्यांच्या मुलाने पलीकडे नेहमीच्या आवाजात गाणे लावले आणि फुलपात्र वाजू लागले, तसे ते काही न बोलता उठले व घरी जाऊन त्यांनी वूफर समोरच्या कोपऱ्यात नेला. खाली रबराची जाड चटई घातली. त्यानंतर त्यांनी आमच्याविषयीही सांगितले : सकाळी नळाला पाणी आले की आमची मोटार साडेपाचला सुरू होते आणि अवघी चार तास झोप झालेल्या माणसाला ती जागे करते. हे आम्हाला कधी सुचलेच नव्हते. पाण्याची वेळ आमच्या हाती नाही, पण मोटार जिन्याखालून काढून मागच्या अंगणात रबरावर बसवली, त्याला प्लंबरची एक दिवसाची मजुरी लागली. आवाज पूर्ण गेला नाही, तरी पूर्वीइतका येत नाही असे ते म्हणतात.

त्यांच्याकडेही सगळे थांबले आहे असे नाही. खुर्ची ओढल्याचा आवाज अजून येतो आणि तो आम्ही चालवून घेतो, कारण घरात माणसे राहतात तिथे तेवढा आवाज होणारच. वूफर मात्र दहानंतर बंद असतो. मध्यंतरी पाहुणे आले असताना एका रात्री तो पुन्हा सुरू झाला, तेव्हा मी दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना फोनवर एवढेच सांगितले की काल रात्री एकपर्यंत आवाज येत होता. त्या संध्याकाळी त्यांनी त्याची वायर काढून ठेवली.

चिठ्ठीतले शब्द कोणा वाचकाला उपयोगी पडले तर त्याने ते जसेच्या तसे वापरावेत, फक्त रात्री आणि वेळा आपल्या टिपलेल्या लिहाव्यात.

आपला नम्र,
एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर